यदा-तदा काढा, यः-सः काढा: संस्कृत वाक्यं जोडताना कृदंत कुठलं आणि कुठल्या विभक्तीत

शाळेत संस्कृत होतं, मार्कही चांगले पडले, आणि मग पंचवीस वर्षं त्याच्याकडे बघितलंही नाही. मुलगी नववीत गेली तेव्हा तिच्यासोबत मीही संध्याकाळच्या क्लासला जायला लागलो आणि तिसऱ्याच आठवड्यात अडकलो ते "यदा-तदा काढून वाक्य पुन्हा लिहा" या प्रश्नावर. रूपं पाठ होती. गच्छन् गच्छन्तौ गच्छन्तः झोपेतही म्हणता येत होतं. पण वाक्य समोर आलं की गच्छन् लिहायचं की गच्छन्तम् की गच्छति की सरळ गत्वा, हे काही ठरायचं नाही, मग अंदाजपंचे एक ठोकायचं आणि लाल पेन खायचा. सात-आठ महिने असंच चाललं आणि मग हळूहळू लक्षात आलं की मी प्रश्नच चुकीच्या टोकाकडून सोडवत होतो, आधी क्रियापद बदलायला घ्यायचो आणि कर्ता कोण ते नंतर बघायचो. खाली जी पद्धत लिहितोय ती उलट क्रमाची आहे. शब्द आणि धातू चालवता येतात पण वाक्य जोडताना गोंधळ होतो, अशांसाठी हे आहे.

काय जवळ हवं

- शब्दरूपावली. त्यात निदान देव, वन, माला, नदी, गच्छत् आणि भगवत् हे शब्द तोंडपाठ हवेत. गच्छत् नसेल तर पुढचं सगळं फुकट आहे.
- नेहमीच्या तीस-चाळीस धातूंची क्त रूपं एका कागदावर: गत, आगत, कृत, दृष्ट, श्रुत, हत, दत्त, लिखित, पठित असे.
- पेन्सिल. पेन नको, कारण पहिल्या पायरीत खाडाखोड खूप होते.

१. आधी वाक्य मराठीत म्हणून बघा

हे ऐकायला बाळबोध वाटेल, पण आपल्याला इथे आयती सोय आहे. जो-तो, जेव्हा-तेव्हा काढून टाकणं हे मराठी माणूस दिवसभर करतच असतो. "जो मुलगा बागेत खेळतोय तो माझा भाऊ" असं घरात कोण म्हणतं? "बागेत खेळणारा मुलगा माझा भाऊ" म्हणतो. जेव्हा-तेव्हाचंही तेच, "घरी येऊन पाणी प्यायलं", "रस्त्याने जाताना साप दिसला", "सूर्य मावळल्यावर पक्षी परतले". म्हणजे -णारा, -लेला, -ून, -ताना, -ल्यावर हे आपले पाच प्रत्यय झाले आणि संस्कृतची कृदंतं साधारण ह्याच जागांवर बसतात. -ून असेल तर बहुतेक त्वा किंवा ल्यप्, -णारा आणि -ताना असेल तर शतृ किंवा शानच्, -लेला असेल तर क्त.

-ल्यावर मात्र फसवा आहे, कारण "मी घरी आल्यावर चहा प्यायलो" आणि "मी घरी आल्यावर आईने चहा केला" या दोन्हीकडे मराठी तोच प्रत्यय लावते आणि संस्कृतमध्ये ही दोन वाक्यं पूर्ण वेगळ्या वाटेने जातात. माझी निम्मी चूक इथेच होती.

२. छोट्या वाक्याचा कर्ता मोठ्या वाक्यात कुठे बसलाय ते शोधा

सगळा खेळ ह्या पायरीत आहे. यदा किंवा यः असलेलं वाक्य म्हणजे छोटं, ते मोडायचंय. त्याच्या कर्त्याभोवती पेन्सिलने गोल करा आणि मग उरलेल्या वाक्यात तोच माणूस परत कुठे येतोय का बघा. तीनच शक्यता असतात.

पहिली, तोच माणूस मोठ्या वाक्याचाही कर्ता आहे. यदा रामः गृहम् आगच्छत् तदा सः जलम् अपिबत्। आला तोही राम, प्यायला तोही राम. आधी एक क्रिया संपली मग दुसरी झाली, तर त्वा किंवा ल्यप्: रामः गृहम् आगत्य जलम् अपिबत्। दोन्ही एकाच वेळी चालू असतील तर शतृ, प्रथमेत: मार्गेण गच्छन् सः सर्पम् अपश्यत्। पाणिनीचं सूत्रच आहे, समानकर्तृकयोः पूर्वकाले, म्हणजे कर्ता समान हवा आणि क्रिया आधीची हवी. दोन्ही अटी एका ओळीत.

दुसरी, तो माणूस मोठ्या वाक्यात आहे पण कर्ता म्हणून नाही, कर्म आहे किंवा त्याला काहीतरी दिलंय किंवा त्याच्याकडून घेतलंय. मग कृदंत हे त्याचं विशेषण होतं आणि त्याच्याच विभक्तीत जातं. यः बालकः उद्याने क्रीडति तम् अहं पश्यामि। इथे तम् द्वितीया आहे, म्हणून: उद्याने क्रीडन्तं बालकम् अहं पश्यामि। आता तम् च्या जागी तस्मै ठेवा, यः बालकः क्रीडति तस्मै माता फलं यच्छति। मग: क्रीडते बालकाय माता फलं यच्छति। म्हणजे विभक्ती यः ची बघायची नसते, सः, तम्, तस्मै जे असेल त्याची बघायची. यः काढताना त्याची प्रथमा डोक्यात राहते आणि हात आपोआप क्रीडन् लिहून मोकळा होतो, हे मी कितीदा केलंय विचारू नका.

तिसरी, तो माणूस मोठ्या वाक्यात नाहीच. यदा सूर्यः अस्तम् अगच्छत् तदा खगाः नीडं प्रत्यागच्छन्। पक्ष्यांच्या वाक्यात सूर्याला जागा नाही, ना कर्ता ना कर्म. मग सूर्य आणि त्याचं कृदंत दोघांनाही सप्तमीत टाकायचं: सूर्ये अस्तं गते खगाः नीडं प्रत्यागच्छन्। हीच ती सति सप्तमी, आणि तिचं सूत्र यस्य च भावेन भावलक्षणम्, एकाच्या क्रियेवरून दुसऱ्याच्या क्रियेची वेळ कळते तिथे सप्तमी.

इथे मराठी कान तपासनीस म्हणून वापरता येतो. -ल्यावर च्या जागी -ून घालून बघा. "राम घरी येऊन पाणी प्यायला" ठीक वाटतं, तर त्वा-ल्यप्. "सूर्य मावळून पक्षी परतले" कानाला खटकतं, तर सति सप्तमी. पण हा कान शंभर टक्के भरवशाचा नाही. "पाऊस पडून रस्ते ओले झाले" आपल्याला अजिबात खटकत नाही, कारण मराठीत -ून कधीकधी कारण सांगायलाही येतो आणि तेव्हा कर्ता वेगळा असला तरी चालतं. संस्कृतमध्ये मेघः वर्षित्वा मार्गाः आर्द्राः अभवन् असं लिहिलंत तर पडलंच. तिथे मेघे वर्षति मार्गाः आर्द्राः अभवन्। म्हणून शंका आली की कान सोडून पेन्सिलच्या गोलाकडे बघायचं.

आणि एक उलटी चूक. सति सप्तमी नवीन शिकलेला माणूस ती सगळीकडे लावत सुटतो. यदा रामः वनम् अगच्छत् तदा जनाः तम् अन्वगच्छन्। मी लिहिलं, रामे वनं गच्छति जनाः तम् अन्वगच्छन्। क्लासच्या बाईंनी फक्त तम् भोवती गोल केला आणि वही परत दिली. राम मोठ्या वाक्यात तम् होऊन बसलेला आहे, म्हणजे ही दुसरी शक्यता: वनं गच्छन्तं रामं जनाः अन्वगच्छन्। सप्तमीतल्या माणसाचं सर्वनाम मागे उरलं तर समजायचं की त्याला सप्तमीत पाठवायची गरज नव्हती.

३. वेळ मुख्य क्रियापदावरून मोजा, आजपासून नाही

मुख्य वाक्य भूतकाळात आहे म्हणून कृदंतही भूतकाळाचं घ्यायचं असं वाटतं. तसं नाहीये. कृदंत एवढंच सांगतं की मुख्य क्रिया झाली तेव्हा ही क्रिया चालू होती की संपली होती. व्याकरणाच्या जुन्या ग्रंथांतलं ठरलेलं उदाहरण आहे, गोषु दुह्यमानासु गतः, दुग्धासु आगतः। गाईंची धार काढणं चालू असताना गेला, काढून झाल्यावर आला. दोन्ही गोष्टी कालच्याच, पण दुह्यमान आणि दुग्ध एवढ्या फरकाने सगळं चित्र बदललं. जाणं आणि येणं याच्या मधे दूध काढून झालं, इतकंच वाक्य आणि कुठेही यदा नाही.

भविष्यकाळातही तेच. यदा त्वम् आगमिष्यसि तदा अहं गमिष्यामि। तू येशील तेव्हा मी जाईन. इथे बऱ्याच जणांचा हात आगमिष्यत् कडे जातो. पण माझ्या जाण्याच्या वेळी तुझं येणं उरकलेलं असणार, म्हणून क्त: त्वयि आगते अहं गमिष्यामि। मराठीतही आपण "तू आल्यावर" म्हणतो ना, "आल्या" हे भूतकाळाचंच रूप आहे आणि कुणाला खटकत नाही.

४. कर्तरी की कर्मणी, हे क्त लावायच्या आधी ठरवा

शतृ सरळ आहे, करणाऱ्याला लागतो. परस्मैपदी धातू असला तर शतृ, आत्मनेपदी असला तर शानच्, म्हणजे गच्छन् पण सेवमानः. घोटाळा क्त मुळे होतो. गेला, आला, पडला, झोपला अशा अकर्मक किंवा जाण्यायेण्याच्या क्रियांना क्त कर्त्याला लागतो. पण सकर्मक क्रिया असली की क्त कर्माला चिकटतो आणि कर्ता तृतीयेत जातो.

यत् पुस्तकं रामः अलिखत् तत् अहं पठामि। → रामेण लिखितं पुस्तकम् अहं पठामि।

मराठीत "रामाने लिहिलेलं पुस्तक", ने आलाच की. त्यामुळे विशेषण म्हणून क्त वापरताना चूक होत नाही. चूक होते ती हाच सकर्मक क्त सति सप्तमीत आला की. हे वाक्य मी तीन वेळा चुकलो, म्हणून सावकाश सांगतो:

यदा रामः रावणम् अहन् तदा देवाः अतुष्यन्।

गोल रामाभोवती. देवांच्या वाक्यात राम नाही, रावणही नाही, म्हणजे सति सप्तमी. मारणं आधी झालं, संतोष नंतर, म्हणजे भूतकाळाचं कृदंत. इथवर सगळे बरोबर येतात. मग मी लिहिलं, रामे रावणं हते. नंतर सुधारून, रामे रावणे हते. दोन्ही चूक. हत म्हणजे "मारलेला", आणि मारलेला कोण, तर रावण. म्हणजे सप्तमीत जायचं ते रावणाने, राम मारणारा म्हणून तृतीयेत: रामेण रावणे हते देवाः अतुष्यन्। रामालाच सप्तमीत ठेवायचं असेल तर कृदंत बदला, क्तवतु घ्या, तो करणाऱ्याला लागतो: रामे रावणं हतवति देवाः अतुष्यन्। तेव्हा रावण द्वितीयेतच राहतो. दोन्ही वाक्यं चालतात, पण एकाची सप्तमी आणि दुसऱ्याचं कृदंत अशी खिचडी चालत नाही. मी स्वतः पहिलंच लिहितो, कारण हतवति, कृतवति ही रूपं घाईत चुकतात.

५. मराठीला जमतं पण संस्कृतला जमत नाही अशी जागा

हे मला कुठल्याच गाइडमध्ये सापडलं नाही आणि मराठी माणसाला तर हे मुद्दाम सांगायला हवं. आपली -लेला आणि -णारा ही कृदंतं भलतीच सैल आहेत. "मी राहत असलेलं घर", "भाजी चिरलेला चाकू", "आम्ही बसलेला बाक". घर राहत नाही, चाकूला कुणी चिरलेलं नाही, बाक कुठेही बसलेला नाही, तरी आपल्याला अर्थ कळतो. संस्कृतचा शतृ फक्त करणाऱ्याला लागतो, सकर्मक क्त फक्त कर्माला. म्हणून यस्मिन् गृहे अहं वसामि तत् विशालम् अस्ति। हे वाक्य मोडायला गेलात आणि वसत् गृहम् लिहिलंत तर त्याचा अर्थ "स्वतः कुठेतरी राहणारं घर" असा होतो. बाई हसल्या होत्या, बरंच हसल्या होत्या.

थोडक्यात यः, या, यत् जर प्रथमेत असेल किंवा कर्म म्हणून द्वितीयेत असेल तर कृदंत करता येतं. यस्मिन्, येन, यस्मै, यस्मात् असेल तर अभ्यासाच्या या पातळीवर ते वाक्य तसंच राहू द्यावं, किंवा मम निवासः असं नाम वापरून वळसा घालावा. येन ला एकच अपवाद, तो कर्मणी वाक्यातला कर्ता असेल तर, येन पुस्तकं पठितं सः, तिथे पठितवान् करता येतं.

६. लिंग, वचन, आणि दिसायला सारखी रूपं

लिंग-वचनाबद्दल फार सांगत नाही, रूपावली आहेच. दोन गोष्टी मात्र. स्त्रीलिंगी शतृ नदीसारखा चालतो, गच्छन्ती, गच्छन्तीम्, गच्छन्त्यै. पण हा मधला न सगळीकडे नसतो. पहिल्या, चौथ्या आणि दहाव्या गणात तो नक्की असतो, सहाव्यात असला नसला तरी चालतं, पण कृ चं कुर्वती, श्रु चं शृण्वती, रुद् चं रुदती, ज्ञा चं जानती. कुर्वन्ती लिहू नका. दुसरी गोष्ट म्हणजे सति हा शब्द. तो घातलाच पाहिजे असं नाही, आणि घातला तर तोही चालतो: निशायाम् आगतायां सत्याम्, छात्रेषु आगतेषु सत्सु. सगळीकडे सति चिकटवलं की लगेच पकडलं जातं, न घातलेलं बरं.

आणि ही दिसायला सारखी रूपं वाचताना छळतात. गच्छति म्हणजे "जातो" आणि गच्छति म्हणजे गच्छत् ची सप्तमीही, "जात असताना". वर मेघे वर्षति आलं, त्यात वर्षति क्रियापद वाटतं ना? ती क्रिया करणाराच सप्तमीत दिसला की ते कृदंत. क्रीडते हे आत्मनेपदी क्रियापद वाटतं पण वर ते चतुर्थी होतं, शेजारी बालकाय होतं. सगळ्यात वाईट आगच्छन्. "येत असलेला" हेही आगच्छन् आणि "ते आले" हेही आगच्छन्. तिथे वाक्यातलं दुसरं क्रियापद शोधायचं, दुसरं असेल आणि कर्ता एकवचनी असेल तर ते कृदंत.

७. पाच वाक्यांचं एक करून बघू

सूर्यः अस्तं गतः। कृषकः क्षेत्रात् आगच्छति स्म। सः मार्गे एकां वृद्धाम् अपश्यत्। सा वृद्धा काष्ठानि वहति स्म। सः तस्यै जलम् अयच्छत्।

आधी ठरवा की मुख्य क्रियापद कुठलं ठेवायचं. गोष्ट जिथे संपते ते ठेवावं, म्हणून अयच्छत्, आणि त्याचा कर्ता कृषक. आता एकेकाची जागा लावू. सूर्याचा कृषकाच्या वाक्याशी काही संबंध नाही, सूर्ये अस्तं गते. येणारा कृषकच आणि म्हातारी दिसली तेव्हा येणं चालूच होतं, म्हणून प्रथमेत आगच्छन्. बघणाराही कृषकच पण बघणं आधी आणि पाणी देणं नंतर, म्हणून दृष्ट्वा. म्हातारी काष्ठं वाहत होती, आणि ती आहे दृष्ट्वा चं कर्म, द्वितीया, स्त्रीलिंग, एकवचन, म्हणून वहन्तीम्.

सूर्ये अस्तं गते क्षेत्रात् आगच्छन् कृषकः मार्गे काष्ठानि वहन्तीम् एकां वृद्धां दृष्ट्वा तस्यै जलम् अयच्छत्।

क्रियापद एकच उरलं. तस्यै राहिलं ते बरोबर आहे, कारण म्हातारी द्वितीयेत एकदा दृष्ट्वा साठी खर्च झाली आणि पाणी घ्यायला ती पुन्हा हवीच. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी वहन्त्यै वृद्धायै लिहून दृष्ट्वा ला कर्मच ठेवलं नव्हतं. कुणाला बघून पाणी दिलं ते वाक्यात नाहीच.

लिहून झालं की उलटं करून बघायचं. प्रत्येक कृदंतावर बोट ठेवून विचारायचं, हे कोणाचं, आणि त्या माणसाची विभक्ती आणि ह्याची विभक्ती एक आहे का. गते कोणाचं, सूर्ये, दोन्ही सप्तमी. आगच्छन् कोणाचं, कृषकः, दोन्ही प्रथमा. वहन्तीम् कोणाचं, वृद्धाम्, दोन्ही द्वितीया. दृष्ट्वा ला विभक्ती नाही, तिथे फक्त बघणारा आणि देणारा एकच आहे ना एवढं बघायचं. एवढ्याला अर्धा मिनिट लागतो.

८. एखाद्या वेळी सप्तमीऐवजी षष्ठी दिसली तर

धड्यात कधीतरी कर्ता आणि कृदंत दोन्ही षष्ठीत दिसतील आणि ती कोणाची मालकीही नसेल. ती छपाईची चूक नाही. षष्ठी चानादरे असं सूत्र आहे, समोरच्याची पर्वा न करता काहीतरी केलं तिथे सप्तमीसारखी षष्ठीही चालते. पुत्रस्य रुदतः पिता प्राव्रजत्। मुलगा रडत असताना बाप संन्यास घेऊन निघून गेला, पण त्यात "रडत असूनही" असा काटा आहे. यदा-तदा काढा असं विचारलं असेल तर ही वापरायला जाऊ नका, ही यद्यपि-तथापि च्या जवळची आहे. वाचताना ओळखता आली म्हणजे झालं.